बिनकामाचं हॅलो

मंडळाचा फोन निवेदिताच्या घरी आला तो अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगांच्या, पिशवीतून. गोदूबाईंच्या लेकीने पिशवी दारातच तिच्या हातात कोंबली. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख अचानक अलीकडे आलीय, मी तिला के. आर. पुरमला माझ्या घरी नेतेय, फोन आता तू सांभाळ, एवढं म्हणून ती रिक्षात बसलीसुद्धा. शेंगांच्या तळाशी फोन होता, आणि तो पुसून स्वच्छ केलेला होता. फडक्याने नव्हे, आतून. एकही जुना संदेश त्यात शिल्लक नव्हता.

हा नियम अध्यक्षांचा. कानडी मुलखातल्या बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घरांचं हे मंडळ, आणि त्यातल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांसाठी हा सोबतीचा फोन. कुणाला औषधं आणून हवीत, कुणाला दवाखान्यात बरोबर माणूस हवं, कुणाचा गॅस संपला, अशा कामांसाठी. फोन या घरातून त्या घरात फिरायचा. लोकांची दुखणीखुपणी त्यात असतात, म्हणून घर बदलताना फोन पुसून द्यायचा, असं त्रिविक्रम अण्णांनी ठरवून दिलं होतं. त्रिविक्रम अण्णा म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, नियमाचे पक्के. त्यांच्यापुढे उगाच हसायलासुद्धा माणूस दोनदा विचार करी. नियम वाईट नव्हता. पण गेले दोन महिने फोन गोदूबाईंकडेच होता, कारण बाकीच्यांना तो नकोच असायचा, आणि त्या दोन महिन्यांत काय काय घडलं हे सांगायला गोदूबाईंना कुणी वेळच दिला नाही.

निवेदिता पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात माल रवाना करण्याचं काम बघायची. तिथे दिवसभर सगळे तिच्याकडे कामच घेऊन यायचे. ट्रक आला, ट्रक अडला, बिल चुकलं. अशा बाईचा स्वभाव तुटक होतो, तसा तिचाही झाला होता. मनाने वाईट नव्हती बिचारी. पण समोरच्याने दोन वाक्यांत मुद्द्यावर यावं, ही तिची अपेक्षा असायची आणि ती लपवायची तिला गरजही वाटत नसे.

दुसऱ्याच दिवशी चार वाजता, कारखान्यात चहा फिरत असताना मंडळाच्या फोनवर संदेश आला. अनोळखी नंबर, फोटो नाही, नाव नाही. नुसतं, "हॅलो."

निवेदिताने विचारलं, कोण आपण? उत्तर नाही. काय काम होतं? उत्तर नाही. मग तिने फोनमध्ये तयार ठेवलेला मजकूर धाडून दिला. तोही अध्यक्षांनीच लिहिलेला होता: "कृपया नाव, पत्ता व काम स्पष्ट लिहावे. केवळ अभिवादनाचे संदेश पाठवू नयेत."

त्याच्या दुसऱ्या दिवशी, पुन्हा चार वाजता, पुन्हा "हॅलो."

आता इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. बाईच्या फोनवर अनोळखी नंबरावरून रोज ठरल्या वेळी "हॅलो" यायला लागलं, तर ती धास्तावते, आणि उगाच धास्तावत नाही. मागच्याच वर्षी हाच फोन मंडळातल्या दिव्यश्रीकडे होता, तेव्हा एका माणसाने हॅलोपासूनच सुरुवात केली होती आणि तिला पुरतं हैराण करून सोडलं होतं. पोरगी महिनाभर कुठलाही फोन उचलायला घाबरत होती. निवेदिताला ते सगळं आठवलं. तिला भीती वाटली, आणि भीती वाटली याचा रागही आला. त्या रागाच्या भरात तिने त्या संदेशांचा नंबरासकट फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकून दिला. खाली लिहिलं, "हा रिकामटेकडा कोण आहे, कुणाला माहीत आहे का?"

मग काय, ग्रुपला सणच मिळाला. कुणी हसण्याची चित्रं टाकली. कुणी म्हणालं, म्हातारपणी चळ लागलेला दिसतोय. दिव्यश्रीचा भाऊ अभिराज मात्र हसला नाही. त्याने लिहिलं की या वेळी सोडायचं नाही, रविवारच्या सभेत सगळ्यांसमोर या नंबरला फोन लावू, स्पीकरवर टाकू, आवाज कुणीतरी ओळखेलच. त्याला धडाधड अंगठे मिळाले. शेवटी अध्यक्षांचं मत विचारलं गेलं. बऱ्याच वेळाने त्रिविक्रम अण्णांची एक ओळ आली: "रविवारी सभेत विषय घ्यावा."

आणि त्यानंतर थोड्या वेळाने मंडळाच्या फोनवर त्याच नंबरचा संदेश आला. "क्षमस्व. आपला वेळ घेतला. यापुढे घेणार नाही."

निवेदिताने तो वाचला आणि तिच्या हातातला चहा तसाच राहिला. त्रास देणारा माणूस असा बोलत नाही, हे तिला लगेच जाणवलं. आणि दुसरं जे जाणवलं ते जास्त वाईट होतं. हा माणूस ग्रुप वाचतोय. म्हणजे तो आपल्यातलाच कुणीतरी आहे.

शनिवारी सुट्टी होती. ती मेट्रोने थेट के. आर. पुरमला गेली. गोदूबाई एका डोळ्याला पट्टी आणि वर हिरवा चष्मा लावून खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या. जन्मभर शाळेत शिकवलेल्या या बाईला आता फोनच्या पडद्याकडे बघायला बंदी होती, म्हणून ग्रुपवरचा गोंधळ त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. निवेदिताने सगळं सांगितलं. तो शेवटचा संदेशही वाचून दाखवला.

गोदूबाईंनी तो तिला पुन्हा एकदा वाचायला लावला. मग त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे बघ आधी. तुला सांगायला पाहिजे होतं मी. फोन पुसला, आणि त्याच्याबरोबर तो माणूसपण पुसून टाकला."

तो रोज चार वाजता त्यांनाही लिहायचा. पहिल्या दिवशी त्यांनीही तेच विचारलं होतं, कोण, काय काम. तो आठवडाभर गायब झाला. पुन्हा त्याचं "हॅलो" आलं, तेव्हा त्या योगायोगाने शेंगा सोलत बसल्या होत्या. चष्मा जवळ नव्हता, म्हणून जास्त न विचारता त्यांनी एवढंच लिहिलं, नमस्कार, मी अवरेकाई सोलत बसलेय, बोटं हिरवी झालीत. लगेच उत्तर आलं: "आली का बाजारात?" बस. त्या दिवसापासून रोज दोन-चार ओळी. त्याने नाव सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

"पण अक्का, काम नाही तर लिहायचं कशाला?" निवेदिताने विचारलं.

"काम नाही म्हणूनच हॅलो लिहितो. काम असतं तर काम लिहिलं असतं."

 गोदूबाई हळूहळू बोलत राहिल्या, वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत पोचावं अशा सावकाश आवाजात. एकटा माणूस "मला करमत नाही" असं लिहीत नाही, त्या म्हणाल्या. ते लिहिलं की समोरच्याला काहीतरी करणं भाग पडतं, आणि आपण कुणाच्या तरी गळ्यातलं लोढणं होतो, हे त्याला नको असतं. हॅलोला खर्च नाही. उत्तर आलं तर पलीकडे कुणीतरी आहे, एवढं कळतं. नाही आलं तर चुकून बोट लागलं म्हणून स्वतःची समजूत काढता येते. दार उघडं आहे का, एवढंच तो चाचपून बघतो. त्याला आत यायचंच असतं असंही नाही. अशा माणसाला "काय काम?" विचारलं की त्याला काम शोधावं लागतं. ते त्याच्याकडे नसतं, मग तो लाजतो आणि निघून जातो.

"मग लिहायचं काय?"

"आधी हॅलोला हॅलो. मग आपलं काहीतरी बारकं. चहा गार झाला, लाइट गेली, मांजर आली. त्याला धरून बोलता आलं तर तो बोलेल, नाही तर नुसतं वाचेल. वाचू दे की. प्रश्न विचारायचाच तर असा, की उत्तर नाही दिलं तरी अपमान होऊ नये. आणि उठायचं असेल तर सांगून उठायचं. न सांगता गायब व्हायचं नाही. 'कधीही लिहा, मी आहेच' असलं मोठं काही बोलायचं नाही, कारण आपण नसतो. चारला असते म्हटलं तर चारला असायचं."

निवेदिताने मग तिच्या मनातली खरी भीती बोलून दाखवली. दिव्यश्रीला छळणाराही हॅलोच म्हणायचा. दोघांतला फरक ओळखायचा कसा?

गोदूबाईंनी यावर बराच विचार केला. त्या म्हणाल्या की त्यांनीही याच फोनवर एका मेल्याला बंद केलंय, त्यात दयामाया दाखवायची नाही. फोटो मागितला, घरी एकट्या आहात का विचारलं, की संपलं. पण त्याआधीही एक खूण कळते. "मी म्हणायची, आता उठते हं, पोळ्या करायच्यात. हा लगेच लिहायचा, 'बरं.' वाईट हेतूचा माणूस बरं म्हणत नाही. तो उठूच देत नाही."

उठताना निवेदिताने त्या शेवटच्या ओळीबद्दल विचारलं. यापुढे वेळ घेणार नाही, म्हणजे काय असेल? गोदूबाईंचा चेहरा उतरला. नुसती लाज असेल, त्या म्हणाल्या, किंवा जास्तही असेल. अंदाज बांधत बसायचं नाही. जिवावर उदार झाल्यासारखं वाटलं तर सरळ विचारायचं, जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतंय का म्हणून. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही, उलट मोकळं वाटतं. आणि "हो" म्हणाला तर तेवढ्यावर आपल्या एकटीच्या भरवशावर राहायचं नाही, माणसं बोलवायची. "पण आधी माफी माग, सरळ साधी. आजच माग. माझ्या डोळ्याला पट्टी आहे, नाही तर मीच लिहिलं असतं गं."

परतीच्या मेट्रोत निवेदिता लिहीत होती आणि खोडत होती. जिने उभ्या जन्मात दोन ओळींपेक्षा मोठं पत्र लिहिलं नव्हतं, तिला दोन ओळी जुळेनात. पहिल्या मजकुरात ती स्वतःचीच बाजू मांडत होती. दुसऱ्यात इतकी रडत होती की वाचणाऱ्यालाच तिची समजूत घालावी लागली असती. नॅशनल कॉलेज स्टेशनावर उतरली तरी संदेश तयार नव्हता. वाटेत तिला त्रिविक्रम अण्णांकडे थांबायचं होतं, कारण उद्याच्या सभेसाठी हॉलची किल्ली त्यांच्याकडे होती. त्यांना सांगून उद्याचा तमाशा टाळता आला तर बघावं, असंही तिच्या मनात होतं.

अण्णांनी दार उघडलं. घरात असूनही अंगात कोट होता. त्यांच्या पत्नी मथुराबाई गेल्याला नुकतंच वर्ष झालं होतं. हॉलमध्ये त्यांचा फोटो, खाली ताजी फुलं, सगळं जागच्या जागी आणि इतकं स्वच्छ की तिथे कुणी राहतं असं वाटू नये. निवेदिताने उद्याचा विषय काढला. नंबर लावायचं रद्द करता येईल का, तिने विचारलं. अण्णा म्हणाले की विषय कार्यक्रमपत्रिकेवर आला आहे, आता सभाच ठरवेल. एवढंच बोलून ते किल्ली आणायला आत गेले.

ती सोफ्यावर एकटी बसली आणि तिला वाटलं, आता नाही पाठवलं तर पाठवणं होणारच नाही. तिने लिहिलं: "हॅलो. परवा मी तुमच्याशी फार रुक्ष बोलले आणि तुमचा नंबर सगळ्यांपुढे टाकला. ती माझी चूक होती. मनापासून माफी मागते." आणि पाठवलं.

फोटोखालच्या फुलांपाशी टिंग वाजलं.

निवेदिताने मान वर केली. योगायोग असेल. तिने दुसरा संदेश लिहिला: "मी रोज चारला चहा घेते, तेव्हा हा फोन जवळ असतो. लिहिलंत तर आवडेल, नाही लिहिलंत तरी हरकत नाही." तिने अंगठा पडद्यावर टेकवला.

टिंग.

फुलांच्या पलीकडे एक फोन उभा करून ठेवला होता. त्याचा पडदा उजळला, आणि त्यावर मंडळाचं नाव तिला बसल्या जागेवरून दिसलं. मथुराबाईंचा फोन. कॅनडातल्या मुलाने नातवाशी बोलायला म्हणून घेऊन दिलेला, ज्याचा नंबर घरच्यांशिवाय कुणाकडेच नव्हता.

अण्णा दारात किल्ली घेऊन उभे होते. त्यांनी उजळलेला पडदा बघितला, तिच्या हातातला फोन बघितला. या माणसाने चाळीस वर्षं बँकेत लोकांच्या डोळ्याला डोळा भिडवला होता, आणि आता त्यांची नजर किल्लीवरून हलेना.

"मुलगा पाठवत असतो काहीतरी," ते म्हणाले.

"हो अण्णा," निवेदिता म्हणाली. किल्ली घेतली आणि निघाली. ती खाली रस्त्यावर आली. मग तिला कळलं की आपण फार मोठी आफत ओढवून आणली आहे. ज्याला गावाने नियमाचा पुतळा मानलं त्या माणसाला उद्या सकाळी, त्याच्याच सभेत, त्याच्याच लोकांसमोर, रिकामटेकडा आणि चळलेला म्हणून पकडलं जाणार होतं. तो माणूस त्यानंतर कुणालाही, कधीही हॅलो म्हणणार नव्हता.

रात्रभर दोन निळ्या खुणा दिसत राहिल्या. संदेश वाचला गेला होता. उत्तर नव्हतं.

रविवारी हॉल भरला होता. एरवी वर्गणीच्या विषयाला अर्धे लोक येत नाहीत, पण कुणाची तरी फजिती होणार असली की सगळ्यांना सवड मिळते. फोन या आठवड्यात निवेदिताकडे म्हणून तिला पुढे अध्यक्षांच्या शेजारी बसवलं होतं. अण्णा कोटातच होते, आणि कोटाचे दोन्ही खिसे फोनांच्या वजनाने ओघळलेले. बायकोचा फोन घरी ठेवून ते कुठे जात नसत हे तिच्या आता लक्षात येत होतं. निदान आज तरी तो बंद करून आणला असेल, अशी ती देवाला विनवत होती.

अभिराज उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता. बहिणीचं रडणं त्याने बघितलं होतं आणि तेव्हा आपण काही करू शकलो नाही हे त्याला सलत होतं. त्याने विषय थोडक्यात मांडला, स्वतःचा फोन काढला, आणि निवेदिता "स्वल्प थांब, जरा थांब" म्हणेपर्यंत नंबर लावलासुद्धा. स्पीकरवरून पलीकडची घंटी हॉलभर ऐकू यायला लागली. लोक माना पुढे काढून ऐकत होते.

अण्णांच्या कोटाचा खिसा थरथरायला लागला.

त्यांनी आवाज बंद केला होता. आवाज बंद केला की फोन गप्प बसतो असं त्यांना वाटलं होतं. खिसा लोखंडी खुर्चीला टेकला होता आणि खुर्ची गुरगुरत होती. अण्णा ताठ बसून समोर बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला, पण हात खिशाकडे गेला नाही. निवेदिताला वाटलं, आता तिसऱ्या रांगेपर्यंत जाणार हा आवाज. ती अशी काही झटक्यात उठली की तिची खुर्ची फरशीवर करकरत मागे गेली, आणि ती मोठ्याने बोलायला लागली.

काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. तिने सांगितलं की चूक त्या माणसाची नाही, तिची आहे. तो गोदूअक्कांना दोन महिने लिहीत होता, शेंगांबद्दल आणि हवेबद्दल, आणि एकदाही त्याने वावगा शब्द काढला नाही. तिने त्याला उत्तर दिलं ते सरकारी नोटिशीसारखं, आणि वर त्याची धिंड काढली. ती बोलत राहिली, मुद्दाम, न थांबता, जोवर घंटी वाजून वाजून बंद पडली नाही तोवर. खुर्चीची गुरगुर थांबली. कुणी ऐकली होती की नाही, तिला कळेना.

"उचलला नाही," अभिराज म्हणाला. "चोराच्या मनात चांदणं. बंद करून टाकू या नंबर. अध्यक्ष, तुम्ही सांगा."

सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी समोरची कार्यक्रमपत्रिका उचलली. निवेदिता त्यांच्याकडे बघत नव्हती. मुद्दामच बघत नव्हती. पण तिला ठाऊक होतं की हा माणूस आता नियमाप्रमाणे वागणार, स्वतःच्याच दारावर स्वतः कुलूप घालणार आणि किल्ली फेकून देणार.

तेवढ्यात मागच्या रांगेतून दिव्यश्री उठली. तिने निवेदितालाच विचारलं. "अक्का, तो माझ्यावाल्यासारखा नाही हे तुला कसं माहीत?"

हा प्रश्न खरा होता. निवेदिताने त्याचं खरं उत्तर दिलं. "गोदूअक्का म्हणायच्या, आता उठते. तो म्हणायचा, बरं. रोज. एवढंच माहीत आहे मला."

 "माझ्यावाल्याने कधीच बरं म्हटलं नाही," दिव्यश्री म्हणाली, आणि भावाचा शर्ट ओढून त्याला खाली बसवलं.

निवेदिता अध्यक्षांकडे वळली. "अण्णा, फोन या आठवड्यात माझ्या घरी आहे. याचं काय करायचं ते माझ्यावर सोडा. तो वाकडा निघाला तर मीच बंद करीन."

सभा वाट बघत होती. अण्णांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, रुमालाची नीट घडी केली.

"सरी," ते म्हणाले. कानडीतलं बरं.

त्या दिवशी चारला फोन वाजला नाही. निवेदिता चहाचा कप घेऊन बसून राहिली. चार वेळा तिने काहीतरी लिहायला घेतलं आणि चार वेळा ठेवून दिलं. माफी मागून झाली होती, वेळ सांगून झाली होती. आता त्याच्या मागे लागणं म्हणजे पुन्हा त्याला उत्तराच्या कर्जात घालणं, एवढं तिला कळायला लागलं होतं. पण मन मानत नव्हतं. 'यापुढे घेणार नाही' ही ओळ पुन्हा पुन्हा आठवत होती. संध्याकाळी तिने अण्णांच्या घरावरून उगाच एक फेरी मारली. दिवाणखान्यातला दिवा लागलेला बघून ती घरी परतली.

सोमवारी पीण्यात एक ट्रक अडला होता आणि ड्रायव्हर कन्नडमध्ये कुणाच्या तरी सात पिढ्या उद्धरत होता. चार वाजले. निवेदिताने त्याला हाताने थांबवलं आणि चहाचा ग्लास घेऊन ती मागच्या पायरीवर जाऊन बसली. ड्रायव्हर अवाक झाला. या बाईला कामाच्या मध्येच बसताना त्याने कधी बघितलं नव्हतं.

मंडळाचा फोन वाजला. तो अनोळखी नंबर नव्हता. वर नाव होतं, फोनमध्ये पहिल्यापासून साठवलेलं: त्रिविक्रम, अध्यक्ष. खाली एकच शब्द.

"हॅलो."

तिला खूप काही लिहायचं होतं. मी कुणाला सांगणार नाही अण्णा, तुम्ही घरी जेवायला या, तुम्हाला कसं वाटतंय. तिने ते सगळं लिहिलं आणि सगळं खोडलं.

"हॅलो अण्णा," तिने लिहिलं. "चहा आलाय, पण आज साखर फार पडलीय."

पलीकडे अण्णा लिहीत असल्याचं दिसत होतं. मग थांबल्याचं दिसलं. मग पुन्हा लिहीत असल्याचं. ट्रकवाल्याने दोनदा भोंगा वाजवला, तरी ती हलली नाही.

"मथुरा बिनसाखरेचा घ्यायची," उत्तर आलं. "मी आपला दोघांचा मिळून गोड."

"अजून तेवढाच गोड घेता?"

"दोन कप होतात अजून. सवय."

तिने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग अण्णांनी विचारलं की गोदूबाईंचा डोळा कसा आहे. तिने सांगितलं की पट्टी निघालीय. त्यांनी सांगितलं की बाजारात अवरेकाई आता स्वस्त झालीय. थोडा वेळ कुणीच काही लिहिलं नाही, आणि ते चाललं. भोंगा तिसऱ्यांदा वाजला.

"आता उठते अण्णा, इथे ट्रक अडलाय. उद्या चारला आहेच मी."

ती फोनकडे बघत राहिली. उत्तर यायला फारसा वेळ लागला नाही.

"बरं."